तीन आठवड्यांची रजा आणि अर्जातला हॅन्डओव्हर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : "तीन आठवडे हवेत ना? मग अर्जातच हॅन्डओव्हर लिहून आण," असं साहेबांनी सांगितलंय. आजवर मी रजेचा अर्ज चार ओळींत संपवत आलो. आता त्यात काय आणि किती लिहायचं?

चार ओळी तशाच राहू द्या. त्यांच्या खाली पाऊण पान जोडा आणि तिथेच थांबा. अर्ज मंजूर करणाऱ्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो : हा गेला की यातलं किती माझ्या अंगावर येणार? त्याचं उत्तर पहिल्या परिच्छेदात मिळालं, तर पुढचं तो निवांत वाचतो. नाही मिळालं, तर अर्ज टेबलावर पडून राहतो आणि तुम्हाला वाटतं की साहेबांना रजा द्यायचीच नाही.

सुरुवात तारखांपासून करा. समजा, सोमवार ५ तारखेपासून शुक्रवार २३ तारखेपर्यंत रजा आहे. पाच दिवसांच्या आठवड्यात हे कामाचे १५ दिवस झाले. पण तुम्ही शुक्रवारी २ तारखेला संध्याकाळी जाणार आणि सोमवारी २६ तारखेला उगवणार, म्हणजे मधले २३ दिवस तुम्ही नाही. रजा १५ दिवसांची कापली जाईल, योजना मात्र २३ दिवसांची हवी. शनिवार-रविवारी संपणारी मुदत किंवा आपोआप नूतनीकरण होणारा करार याच फटीत निसटतो.

पहिला परिच्छेद साधारण असा असावा :

> ५ ते २३ तारखेपर्यंत (कामाचे १५ दिवस) अर्जित रजा मिळावी, ही विनंती. शेवटचा कामाचा दिवस शुक्रवार २, रुजू सोमवार २६. या काळात माझ्या कामाचा चार्ज वरिष्ठ सहायक घेतील. त्यांच्याशी बोलणं झालं असून त्यांची संमती आहे. आपल्याकडे दोनच गोष्टी येतील : दर गुरुवारी पुरवठादारांच्या पेमेंटची मंजुरी, जी आजही आपणच देता, आणि मोठ्या बिलांची एक जादा तपासणी. तारीखवार तपशील खाली.

नाव, संमती आणि साहेबांच्या वाट्याला काय, हे सगळं इथे आलं. त्याखाली तारीखवार कामं लिहायची, एका कामाला एक ओळ.

काय लिहायचं नाही, हेही ठरवून घ्या. काम कसं करायचं याच्या सूचना अर्जात नकोत. त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि अर्जात फाइल कुठे आहे एवढंच सांगा. पासवर्ड तर नकोतच. अर्धवट प्रकरणांची आजची स्थितीही नको, कारण अर्ज तुम्ही पाच-सहा आठवडे आधी देणार आणि निघायच्या दिवसापर्यंत ती स्थिती चार वेळा बदललेली असेल. त्यासाठी "चालू प्रकरणांची यादी १ तारखेला देईन" एवढी ओळ पुरे.

पाच-सहा आठवडे आधी का, तर तुमच्या जागी बसणाऱ्याला काम एकदा बघायला आणि एकदा करून पाहायला वेळ मिळावा म्हणून. दहा दिवस आधी दिलेल्या अर्जात कितीही सुंदर तक्ता असला, तरी तो तक्ता फक्त वाचला जातो.

प्रश्न : मी लेखा विभागात पुरवठादारांची बिलं, पेमेंट आणि पगारासाठी लागणारी हजेरीची माहिती बघते. अर्जात लिहायला म्हणून कामांची यादी केली तर चाळीस कामं निघाली. चाळीस ओळींचा अर्ज कोण वाचेल? आणि एवढं सगळं एका माणसाला देऊ कसं?

तुमची यादी चुकलेली नाही. ती वर्षभराच्या कामांची यादी आहे, रजेच्या काळाची नाही. कॅलेंडर समोर घ्या आणि प्रत्येक कामापुढे एवढंच लिहा, की ५ ते २३ या तारखांत हे काम पडतं का आणि किती वेळा. तिमाही ताळेबंद, वार्षिक तपासणीचे कागद, महिनाअखेरीची जुळवणी असली कामं लगेच गळतील. उदाहरणादाखल धरू, की अशी १४ गेली.

उरलेल्या २६ पैकी काही तुम्ही जायच्या आधी उरकू शकता : १८ तारखेला संपणाऱ्या देखभाल कराराचं नूतनीकरण, विभागप्रमुखांना हजेरी पाठवण्याची आठवण, छापील फॉर्म मागवणं. अशी ९ निघाली. काही कामं तुम्ही परत येईपर्यंत थांबली तर कोणाचं काही बिघडत नाही, उदाहरणार्थ जुन्या फाइलींची लावणी किंवा नव्या पुरवठादारांची नोंदणी. ती ६. राहिली ११, आणि त्यातली बरीचशी गुरुवारच्या पेमेंट बॅचचे, म्हणजे त्या दिवशी एकत्र चुकवायच्या बिलांच्या गठ्ठ्याचे, तुकडे असतील. अर्जात खऱ्या अर्थाने चार-पाच ओळीच येतात.

थांबवायची कामंही अर्जात लिहा. बहुतेक जण ही ओळ गाळतात, कारण "हे तीन आठवडे होणार नाही" असं साहेबांना लिहून द्यायचा धीर होत नाही. पण न लिहिलेलं काम थांबत नसतं. ते तुमच्या जागी बसलेल्याच्या टेबलावर जातं, तो ते अर्धवट समजून करतो आणि परत आल्यावर निस्तरायला तुम्हीच असता. "नवीन पुरवठादारांची नोंदणी ५ ते २३ बंद, अर्ज स्वीकारून ठेवू, काम २६ पासून" असं लिहिलं, साहेबांनी त्यावर सही केली, की तो त्यांचा निर्णय होतो. खरेदी विभागाने आरडाओरडा केला तर उत्तर द्यायला सही आहे.

आता सोपवायच्या ओळींकडे या. तुमच्या कामात सगळ्यात वजनदार गोष्ट गुरुवारची पेमेंट बॅच आहे. रजेत गुरुवार तीन येतात : ८, १५ आणि २२. एका आठवड्याची रजा असती तर एक बॅच पुढे ढकलून भागलं असतं. तीन ढकलता येत नाहीत. अर्जातली ओळ अशी लिहा :

> गुरुवार ८, १५, २२ : पुरवठादारांची पेमेंट बॅच. तयार करणार : कनिष्ठ लेखापाल. दुपारी १२ पर्यंत विभागप्रमुखांकडे मंजुरीला. माल मिळाल्याची पावती जोडलेली नसेल, तर बिल पुढच्या गुरुवारी. विभागप्रमुख नसतील, तर उपप्रमुख मंजुरी देतील.

यात काम कधी, कोण करणार, कुठे थांबायचं आणि अडलं तर कोण, हे सगळं आहे. शेवटचे दोन मुद्दे नसतील तर ओळ अपुरी समजा. पुरवठादार फोनवर आवाज चढवतो तेव्हा कनिष्ठ माणसाला "मला तसे आदेश नाहीत" म्हणता यायला हवं, आणि ते आदेश कुठेतरी लिहिलेले हवेत.

पण याच ओळीत एक अडचण दडलेली आहे. आज कनिष्ठ लेखापाल बिलाची नोंद करतो, तुम्ही ती खरेदी आदेश आणि माल मिळाल्याची पावती यांच्याशी ताडून पाहता व बॅच बनवता, मग विभागप्रमुख मंजुरी देतात. म्हणजे प्रत्येक बिलावर तीन नजरा पडतात. तुम्ही गेलात आणि बॅच कनिष्ठाकडे दिली, तर नोंद करणारा आणि ती तपासणारा एकच झाला. मधली नजर गेली. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. आपणच टाकलेलं शून्य आपल्याला दिसत नाही, एवढंच आहे. लेखापरीक्षकही आधी नेमकं हेच बघतो.

ही तपासणी खरेदी विभागातल्या माणसाला द्यावी असं सहज सुचतं, पण ते करू नका. ज्याने माल मागवला त्यानेच बिल बरोबर आहे म्हणायचं, हे तर आणखी वाईट. त्यापेक्षा अर्जातच लिहा, की ठरावीक रकमेच्या वरची बिलं या तीन बॅचपुरती विभागप्रमुख स्वतः मूळ कागदांशी ताडून पाहतील. रकमेची रेषा कुठे ओढायची ते मागच्या तीन बॅच काढून ठरवा. दर बॅचमधली सगळ्यात मोठी पाच-सहा बिलं त्या रेषेच्या वर येतील अशी रक्कम घ्या. बॅचमधला बराचसा पैसा बहुधा तेवढ्याच बिलांत असतो आणि साहेबांचा दर गुरुवारी जेमतेम अर्धा तास जातो. उरलेल्या लहान बिलांची तपासणी तुम्ही परत आल्यावर मागाहून कराल, हेही लिहून टाका.

दुसरी ओळ पुरवठादारांच्या बँक खात्याची. "आमचं खातं बदललं, पुढचं पेमेंट या खात्यात करा" असा ईमेल येतो. तो पुरवठादाराच्याच नावाने येतो, कधी त्याच्या खऱ्या पत्त्यावरूनही, कारण त्याचा मेलबॉक्स कोणीतरी फोडलेला असतो. फसवणुकीचा हा जुना आणि जगभर चालणारा प्रकार आहे आणि त्याला नवखा, बदली बसलेला माणूस फार सोयीचा. तुम्ही ज्या पुरवठादाराशी आठवड्यातून दोनदा बोलता, त्याची भाषा बदललेली तुम्हाला चटकन जाणवेल. तुमच्या जागी बसलेल्याला नाही जाणवणार. म्हणून : "५ ते २३ या काळात कोणत्याही पुरवठादाराच्या बँक खात्यात बदल नाही. अगदी टाळता येणार नसेल, तर आपल्या नोंदीतल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री आणि विभागप्रमुखांची लेखी मंजुरी." ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, हे कनिष्ठाला तोंडी दोनदा सांगा. त्या नंबरवर फोन उचलणारा ईमेल पाठवणाराच असतो.

पगाराच्या माहितीचं काम तारखेने एकदाच येतं. तुमच्याकडे ते २० तारखेला बंद होतं असं धरलं, तर विभागांकडून हजेरी शुक्रवारी १६ ला यायला हवी, म्हणजे सोमवार-मंगळवार तपासायला मिळतात. इथे अडचण गोपनीयतेची आहे. हजेरी आणि रजा बघायला कोणाची हरकत नसते, पण तुमच्या स्क्रीनवर सगळ्यांचे पगारही दिसत असतील, तर तो अधिकार बदली माणसाला द्यायचा का, हे तुम्ही ठरवू नका. अर्जात प्रश्न म्हणूनच टाका : "हजेरीतले बदल कनिष्ठ लेखापाल गोळा करतील. प्रणालीत नोंद कोणी करावी, याबद्दल आपला निर्णय हवा." सगळी उत्तरं तयार असलेला अर्ज द्यायचा मोह होतो. पण जो निर्णय आपला नाही, तो त्याच्या मालकाकडे वेळेत गेलेला बरा.

जाता जाता : बऱ्याच बँकांत पैशांच्या जागी बसलेल्यांना वर्षातून एकदा सलग दोन आठवडे रजा घ्यायलाच लावतात, कारण रोज झाकून ठेवावी लागणारी गडबड तो माणूस नसताना वर येते. तुमचा हॅन्डओव्हर नीट लिहिलेला असेल, तर त्यातून तुमच्या कामाचीही आपसूक तपासणी होते. ते मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : ज्याचं नाव लिहायचं तो सहकारी "हो हो, बघतो मी, जा बिनधास्त" म्हणाला. मला मात्र धाकधूक वाटते. पाच जणांत काम वाटून देऊ का?

धाकधूक रास्त आहे, उपाय चुकीचा आहे. पाच जणांत वाटलेल्या कामात, हे नेमकं कोणाकडे आहे, हे विचारण्यातच सकाळ जाते. बाहेरच्याला आणि साहेबांना एकच नाव दिसलं पाहिजे. त्या एकाने आतून कोणाकडे काय द्यायचं, ते अर्जातल्या ओळींत असू द्या.

"बघतो मी" याला संमती धरू नका. त्याने तुमच्या ओळी वाचलेल्याच नाहीत, तो मैत्रीला हो म्हणाला. ओळी छापून त्याच्यासमोर ठेवा आणि दोनच गोष्टी विचारा. या तारखांत तुझी स्वतःची रजा, प्रशिक्षण, दौरा आहे का? आणि यासाठी तुझं कोणतं काम बाजूला ठेवायचं? दुसऱ्या प्रश्नाला "काही नाही, जमेल" असं उत्तर आलं तर थोडं थांबा. तुमचं काम दिवसाला दीड तास खात असेल, तर १५ दिवसांत ते साडेबावीस तास झाले, म्हणजे जवळजवळ तीन पूर्ण दिवस. ते कुठून तरी येणार. त्याचं कोणतं काम मागे पडेल, तेही अर्जात येऊ द्या, कारण त्याला साहेबांची मंजुरी लागते आणि ती मागायची जबाबदारी रजेवर जाणाऱ्याची आहे.

धाकधूक खरी जाते ती तालमीने. वरच्याच तारखा घेतल्या, तर रजेआधीचे दोन गुरुवार हाताशी आहेत. पहिल्या गुरुवारी तुम्ही काम करा आणि त्याला शेजारी बसवा. १ तारखेच्या गुरुवारी तो करेल आणि तुम्ही शेजारी बसाल, माउसला हात न लावता. हात न लावणं अवघड जातं, पण खरा उपयोग त्याचाच आहे. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल, तिथे तुमच्या लेखी सूचनेत भोक आहे. ते तिथल्या तिथे भरा. "मग इथे ओके" या तीन शब्दांत तुमच्या डोक्यात सहा तपासण्या असतात, त्या अशाच वेळी बाहेर पडतात.

तालमीच्या दोन्ही तारखा अर्जात घाला. मंजूर करणाऱ्याला तक्त्यापेक्षा त्या दोन तारखा जास्त भरवसा देतात.

प्रश्न : आमच्या सॉफ्टवेअरला माझं लॉगिन लागतं आणि ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो. पासवर्ड देऊन जाऊ आणि ओटीपी फोनवर सांगत राहू का?

नाही. त्या तीन आठवड्यांत तुमच्या नावाने जे होईल ते नोंदीत तुम्ही केलं असंच दिसेल. शिवाय तुम्ही विमानात किंवा झोपेत असताना ओटीपी येणार, मग काम थांबणार, मग फोनांची रांग. ओटीपी सांगायला मोकळा राहिलेला माणूस रजेवर नसतो, तो घरून कामावर असतो.

अर्जात एक ओळ अधिकारांची टाका : कोणत्या प्रणालीत, कोणाला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, काय करायचा अधिकार. बहुतेक प्रणालींत तात्पुरता अधिकार किंवा प्रतिनिधी नेमायची सोय असते, पण ती तुम्हाला नव्हे, आयटी विभागाला किंवा प्रणालीच्या प्रशासकाला दिसते. त्यांना कळवायची तारीख अर्जाच्या तारखेलाच धरा. असे अधिकार मिळायला कधीकधी साहेबांच्या होकारापेक्षा जास्त वेळ लागतो. अधिकार तालमीच्या आधी सुरू व्हायला हवा, नाहीतर तालीम तुमच्याच लॉगिनवर होते आणि पहिल्या खऱ्या दिवशी कळतं की त्याच्या लॉगिनला ते बटणच दिसत नाही. अधिकार संपायची तारीख २६ ऐवजी २७ ठेवा, म्हणजे परतीच्या दिवशी दोघांनाही बघता येईल.

तुमच्या एकट्याच्या मेलबॉक्समध्ये येणारी बिलंही आत्ताच सामायिक पत्त्यावर वळवा. रजेवर असल्याचं आपोआप जाणारं उत्तर लिहिताना मात्र हात आखडता घ्या. ऑफिसातल्यांना जाणाऱ्या उत्तरात तारखा आणि नाव असू द्या. बाहेरच्यांना फक्त सामायिक पत्ता कळवा. "मी २३ पर्यंत नाही, पेमेंट अमुक बघतात" असं बाहेर पाठवणं म्हणजे वर सांगितलेल्या खातेबदलवाल्यांना माहिती पुरवणं.

प्रश्न : रजा मंजूर झाली, पण "रीचेबल राहा" असं म्हणालेत. फोन घ्यावा की नाही?

"रीचेबल" हा शब्द मोकळा सोडलात तर त्याचा अर्थ रोज बदलत जाईल. अर्जातच त्याला कुंपण घाला : फोन फक्त चार्ज घेतलेला माणूसच करेल, बाकी कोणी नाही. आधी मेसेज, आणि त्याला तुमचं उत्तर ठरलेल्या वेळी, समजा संध्याकाळी एकदा. थेट फोन कधी, ते कामाच्या भाषेत लिहा : "बॅच बँकेने परत केली आणि कारण सूचनांत सापडत नाही", "२० तारखेची पगाराची माहिती चढत नाही". "तातडीचं असेल तर" असं लिहू नका. ज्याचं अडलेलं असतं त्याला ते तातडीचंच वाटतं.

प्रवासात नेटवर्क नसेल, उपचार चालू असतील किंवा मुळात फोन घ्यायचाच नसेल, तर तेही स्पष्ट लिहा आणि त्या जागी दुसरं नाव द्या. काही कंपन्यांचे नियम रजेत संपर्काची अपेक्षाच ठेवत नाहीत. तुमचे नियम एकदा वाचून बघा, म्हणजे आपण होऊन नको ते कबूल करणार नाही.

प्रश्न : माझी शस्त्रक्रिया आहे. तारीख डॉक्टर आठवडाभर पुढेमागे करू शकतात. कारण सगळ्यांना कळावं असंही वाटत नाही. मग अर्जात हॅन्डओव्हर कसा जोडू?

कारण आणि हॅन्डओव्हर यांचे कागद वेगळे ठेवा. अर्ज आणि वैद्यकीय कागद साहेबांकडे व मनुष्यबळ विभागाकडे जातील. हॅन्डओव्हरचं पान चार जणांच्या हातांत फिरणार, त्यावर फक्त "रजा" एवढाच शब्द पुरे. फाइलचं नावही बघून ठेवा. कारण लपवायचं आणि फाइलला मात्र शस्त्रक्रियेचं नाव द्यायचं, असं सर्रास होतं.

तारीख हलणारी असेल तर ओळी तारखेने न लिहिता वाराने लिहा : "रजेतला प्रत्येक गुरुवार", "२० तारीख रजेत आली तर". दोन्ही टोकं गृहीत धरून कॅलेंडर तपासा. आठवडाभर उशिरा गेलात तर महिनाअखेर रजेत येते का? येत असेल तर महिनाअखेरीची कामंही सोपवायच्या ओळींत घ्या. ती कामं वाढली, तरी ऐनवेळी आठवण्यापेक्षा बरं. तालीम मात्र लवकरात लवकरची तारीख धरूनच उरका. आणि परतीची तारीख "अंदाजे" असेल तर चार्ज "मी रुजू होईपर्यंत" असा द्या, ठरावीक तारखेपर्यंत नाही. नाहीतर बरं व्हायला चार दिवस जास्त लागले, तर त्या चार दिवसांत ते काम कोणाचंच नसतं. आयटीला अधिकाराची मुदतही त्याच हिशेबाने वाढवून मागा.

प्रश्न : मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे. माझ्या टीममधून असे अर्ज येतात. कागदावर चोख दिसतात, पहिला आठवडाही बरा जातो, दुसऱ्यात मात्र गाडी अडखळते. मंजूर करताना काय बघू?

पहिल्या आठवड्यात रजेवर गेलेल्याने आधी करून ठेवलेल्या कामावर भागतं, म्हणून तो बरा जातो. दुसऱ्या आठवड्यात मागितलेल्या खुलाशांची उत्तरं परत येतात, परत पाठवलेली बिलं दुरुस्त होऊन येतात आणि आधीच्या पत्रव्यवहाराचा संदर्भ लागतो. तो संदर्भ अर्जात नसतो, चालू प्रकरणांच्या यादीत असतो. ती यादी तुमच्या हातात आली का, हे मंजुरीच्या दिवशी नाही, शेवटच्या कामाच्या दिवसाच्या आदल्या दिवशी बघा. वरच्या उदाहरणात ती तारीख १ आहे. प्रत्येक प्रकरणापुढे गाडी कुठवर आली, पुढची हालचाल कोणाची आणि कधीपर्यंत उत्तर न आल्यास विचारायचं, हे तीन मुद्दे हवेत. "पुरवठादाराशी बोलणं चालू आहे" हे वाक्य दिसलं की यादी परत पाठवा. कोण कोणाशी कशाबद्दल बोलतंय आणि चेंडू कोणाकडे आहे, ते त्यात नाही.

मंजूर करताना अर्जातली एक ओळ निवडा, सगळ्यात कंटाळवाणी दिसणारी निवडा, आणि ज्याचं नाव तिथे आहे त्याला बोलावून विचारा : हे तू कसं करणार? त्याला फाइल कुठे आहे ते सांगता आलं, तर बाकीच्या ओळी बहुधा ठीक असतात. नाही आलं, तर अर्ज नाकारू नका. मंजुरीवर "तालीम झाल्याचं कळवावं" असा शेरा मारून तारीख घाला.

तुमच्या वाट्याला आलेली कामं तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरवर टाका. हॅन्डओव्हर फसण्यात निम्मा वाटा साहेबांचाच असतो, हे सांगितल्याबद्दल राग मानू नका. तीन गुरुवारी दुपारी १२ ते साडेबारा तुम्ही बैठकीत असाल, तर कनिष्ठाने कितीही वेळेवर बॅच पाठवली तरी ती संध्याकाळपर्यंत पडून राहील. त्या वेळा आजच अडवून ठेवा. दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी १६ तारखेला, चार्ज घेतलेल्याशी दहा मिनिटं बोला. "सगळं ठीक ना?" असं विचारलंत तर "हो" एवढंच ऐकू येईल. त्यापेक्षा, थांबवून ठेवलेली बिलं किती झाली आणि त्यातलं सगळ्यात जुनं कोणतं, असं विचारा. आकडा पहिल्या आठवड्यापेक्षा वाढलेला असेल, तर २२ च्या बॅचच्या आधी एखादा माणूस अर्धा दिवस मदतीला द्या.

परत येणाऱ्यासाठीही एक काम करून ठेवा. सोमवारी २६ ला सकाळी त्याच्या नावावर बैठक लावू नका आणि चार्ज दुपारपर्यंत बदली माणसाकडेच राहू द्या. दोघांना एकत्र बसून तीन बॅचमधल्या मागाहून तपासायच्या बिलांचा गठ्ठा, थांबवलेल्या कामांची यादी आणि या काळात बदली माणसाने स्वतःच्या अंदाजाने घेतलेले निर्णय, एवढं बघायचं असतं. तेवढ्याला एक सकाळ लागते.